सत्राच्या भारांशात बदल सुचवणारा ईमेल: पाठवण्याआधी जरा डोळ्यांखालून घालाल का?

शाईपेन

आठवडाभर एक ईमेल लिहून ठेवलाय आणि पाठवायचा धीर होत नाहीये. एकाच इयत्तेला विज्ञान शिकवणारे आम्ही तिघं. प्रत्येकाकडे चाळीस मुलांची एक तुकडी, म्हणजे एकूण १२० मुलं. सत्राच्या शंभर गुणांत सत्र परीक्षेला ५०, चार घटक चाचण्यांना मिळून २० आणि प्रकल्प-गृहपाठाला ३० असा भारांश गेली काही वर्षं चालत आलाय. कुणी ठरवला, का ठरवला, आज कुणालाच सांगता येत नाही. मला तो बदलायचाय, आणि त्यासाठी गेल्या वर्षीचे गुण काढून बसले. मसुदा असा आहे:

> विषय: पुढच्या सत्रापासून भारांशात बदल, एक प्रस्ताव
>
> नमस्कार,
>
> गेल्या वर्षीच्या पहिल्या सत्राचे तिन्ही तुकड्यांचे गुण मी एकत्र केले. शंभरपैकी सरासरी अशी येते: सत्र परीक्षा ५६, चाचण्या ६१, प्रकल्प-गृहपाठ ८९. प्रकल्पाचे गुण इतके वर असल्यामुळे आपला निकाल फुगतो आणि खरा अभ्यास करणारं मूल मागे पडतं. शिवाय अर्धा निकाल एका दिवसाच्या तीन तासांवर अवलंबून आहे. म्हणून पुढच्या सत्रापासून परीक्षा ४०, चाचण्या ४० आणि प्रकल्प २० असा भारांश ठेवावा असं मला वाटतं. चाचण्या आणि परीक्षा यांच्या गुणांमध्ये ०.८ इतका सहसंबंध आहे, म्हणजे चाचण्याही तेच मोजतात जे परीक्षा मोजते. तुमचं मत कळवावं.

दोन्ही सहकारी माझ्यापेक्षा ज्येष्ठ आहेत आणि त्यातले एक गणितही शिकवतात. हे कुठे खोडून काढलं जाईल ते मला आधी कळायला हवंय.

अर्धविराम

माझ्या मते अगदी बरोबर लिहिलंय. सरासरी ८९ म्हणजे प्रकल्पच निकाल ठरवतोय हे उघड आहे. मी तर म्हणेन २० सुद्धा जास्त, सरळ १० करा. मीही आठ वर्षं शिकवतोय. प्रकल्पाचे गुण म्हणजे खिरापत.

पालक_दोन

शिक्षक नाही, पालक आहे, तरी बोलतो. कृपा करून प्रकल्प बंद करू नका. माझी धाकटी परीक्षेत घाबरते, हात थरथरतात, येतं ते विसरते. प्रकल्पात मात्र महिनाभर रमते. मोठ्याचा प्रकल्प आम्ही नवरा-बायकोने रात्री एक वाजता चिकटवला होता हेही कबूल करतो. पण त्या पोरीला तेवढाच एक आधार आहे.

शाईपेन

@पालक_दोन, बंद करायचं म्हणत नाहीये हो, ३० चे २० करायचेत. पण तुमच्या धाकटीचा मुद्दा डोक्यात ठेवते.

मोजपट्टी

ताई, ईमेल पाठवू नका अजून. प्रस्तावात तथ्य असू शकेल, पण दिलेलं कारण चुकीचं आहे आणि गणितवाले सर ते पहिल्या ओळीत पकडतील.

तुम्ही फक्त सरासरी दिली आहे. एखादा घटक मुलांना एकमेकांच्या पुढे-मागे करतो की नाही हे सरासरीवरून कळतच नाही, गुण किती पसरलेत त्यावरून कळतं. समजा प्रकल्पात सगळ्यांनाच ८९ मिळाले असते, तर ३० चा भारांश असूनही त्याने क्रमवारीत कुणालाही एक घरसुद्धा हलवलं नसतं. सगळ्यांच्या पानात तेवढाच भात पडला, इतकंच. तेव्हा तिन्ही घटकांचं प्रमाण विचलन द्या आणि आपापसातले सहसंबंध द्या. मग बोलू.

शाईपेन

काढले. प्रमाण विचलन: परीक्षा १८, चाचण्या १५, प्रकल्प ४. (प्रकल्पात ८० च्या खाली एकच मूल आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.) सहसंबंध: परीक्षा-चाचण्या ०.८, परीक्षा-प्रकल्प ०.३, चाचण्या-प्रकल्प ०.३.

मोजपट्टी

छान. आता दोन मुलं डोळ्यांसमोर आणा. परीक्षेत एक जण सरासरीच्या एक विचलन वर, ७४, आणि दुसरा तितकाच खाली, ३८. पन्नासच्या भारांशाने त्यांचे ३७ आणि १९ होतात, म्हणजे अंतर १८ गुणांचं. प्रकल्पात असेच दोघं घेतले तर ९३ आणि ८५. तीसच्या भारांशाने २७.९ आणि २५.५. अंतर किती? २.४. कागदावर भारांश ५० आणि ३०, म्हणजे दुपटीच्याही आत. प्रत्यक्षात मुलांमध्ये पडणारं अंतर मात्र साडेसात पट.

तुमच्या आकड्यांवरून एकूण गुणांच्या चढउतारात प्रत्येकाचा वाटा काढला तर परीक्षा ७४ टक्के, चाचण्या २२ टक्के आणि प्रकल्प ४ टक्के येतो. म्हणजे तुम्ही म्हणता त्याच्या उलट आहे. प्रकल्प निकाल ठरवत नाहीच. सगळ्यांना सरासरी २६.७ गुण देऊन तो बाजूला होतो. खरा अभ्यास करणारं मूल त्यामुळे मागे पडत नाही.

घरी पडताळायचं असेल तर एका स्तंभात भारांश लावून झालेले परीक्षेचे गुण ठेवा, समजा E, आणि एकूण गुण H मध्ये. मग

```
=SLOPE(E2:E121,H2:H121)
```

हा थेट वाटा देतो. तिन्ही घटकांचे मिळून १ यायलाच हवेत. आले नाहीत तर कुठेतरी स्तंभ चुकलाय.

शाईपेन

०.७४, ०.२२, ०.०४. बेरीज १.

पाच मिनिटं नुसती बघत बसले. आम्ही पालकसभेत दरवर्षी सांगतो की "तीस टक्के गुण मुलांच्या वर्षभराच्या कामाला आहेत".

अर्धविराम

पण सरासरी फुगते हे तर खरं ना? माझं सगळंच चूक नाही.

मोजपट्टी

@अर्धविराम, नाही, ते तुमचं बरोबर आहे. प्रकल्पामुळे सरासरी वर जाते, आणि उत्तीर्ण होण्याची रेषा जर ठरलेल्या आकड्यावर असेल तर काठावरच्या मुलाला तोच वाचवतो. क्रमवारीवर परिणाम नाही, रेषेवर आहे. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ईमेलमध्ये ते एकाच वाक्यात घुसलेत.

तिरकस

मी इथे निवांत वाचत होतो, पण राहवेना म्हणून तुमच्याच आकड्यांवरून जुना एकूण आणि नवा एकूण यांचा सहसंबंध काढला. ०.९९ आला. म्हणजे १२० मुलांची रांग जवळपास जशीच्या तशी राहते. मग हा सगळा खटाटोप, ज्येष्ठांची नाराजी, नवीन गुणपत्रकं, हे कशासाठी? डोंगर पोखरून उंदीर तरी निघाला का?

मोजपट्टी

०.९९ बरोबर आहे, मीही काढला होता. पण त्या आकड्याला भुलू नका. नव्या भारांशाने सरासरी ६६.९ वरून ६४.६ वर येते, म्हणजे २.३ ने खाली. आणि मुलागणिक बदल काही सारखा नाही. कुणाचे पाच-सहा गुण जातील, कुणाला एखादा मिळेल. रांग तशीच राहिली तरी रांगेवर जिथे रेघा मारल्यात तिथली मुलं इकडची तिकडे होतात. ताई, तुमच्याकडे श्रेणी असतील ना? प्रत्येक मुलाचा जुना आणि नवा एकूण शेजारी-शेजारी काढा आणि किती जणांची श्रेणी बदलली ते मोजा. सहसंबंधापेक्षा तो आकडा सहकाऱ्यांना जास्त पटेल. नावं वगळून.

शाईपेन

मोजले. आमच्याकडे दर दहा गुणांना श्रेणी बदलते आणि ४० च्या खाली अनुत्तीर्ण. एकूण २६ मुलांची श्रेणी बदलते. त्यातली २३ खाली जातात, ३ वर येतात. आणि अनुत्तीर्ण ३ चे ८ होतात.

हे आठ बघून पोटात गोळा आला. मला परीक्षेचा धाक कमी करायचा होता आणि झालं हे.

तिरकस

घ्या. निघाला उंदीर, आणि तो चावतोही.

मोजपट्टी

२३ खाली आणि ३ वर यातलं बरंचसं सरासरीच्या त्या घसरणीमुळे आहे. तुम्ही उदार घटकाचे दहा गुण काढून कडक घटकांकडे नेलेत आणि श्रेणीच्या सीमा मात्र होत्या तिथेच ठेवल्यात. म्हणजे नकळत सीमाच वर सरकवल्या. सहकाऱ्यांना हे स्पष्ट सांगावं लागेल: एकतर आम्ही निकाल थोडा कडक करतोय हे मान्य करा, नाहीतर सीमांचाही फेरविचार करा. ईमेलमध्ये यातलं काहीच नाही आणि निकालाच्या दिवशी ते सगळ्यांना दिसेल.

आता तुमचा दुसरा मुद्दा, एका दिवसाच्या तीन तासांचा. तो मात्र टिकतो. ४०-४०-२० ला परीक्षेचा वाटा ७४ वरून ५४ वर येतो आणि चाचण्यांचा २२ वरून ४४ वर जातो. आणि चार चाचण्यांची सरासरी एकट्या चाचणीपेक्षा बरीच भरवशाची असते. तुमच्या चार चाचण्यांचे आपापसात सहसंबंध किती आहेत?

शाईपेन

०.४५ ते ०.५५ च्या दरम्यान. सरासरी ०.५ धरा.

मोजपट्टी

मग एका चाचणीचा भरवसा ०.५ आणि चारांच्या सरासरीचा ०.८. स्पिअरमन आणि ब्राउन यांनी १९१० मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हा हिशेब मांडला: चार गुणिले ०.५, भागिले एक अधिक तीन गुणिले ०.५. पण ईमेलमध्ये सूत्र घालू नका. "एका चाचणीत मूल कसं करेल ते दैवावर असतं, चारांत ते बरंचसं धुऊन निघतं" एवढं पुरे.

अर्धविराम

मला एक सुचतंय. प्रकल्पाचा वाटा ४ टक्केच आहे हीच जर अडचण असेल, तर तिन्ही घटकांचे गुण आधी एकाच पसाऱ्यावर आणावेत. प्रत्येकातून सरासरी वजा करायची, विचलनाने भागायचं, मग भारांश लावायचा. मग ३० म्हणजे जवळपास ३० होतील. आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं.

मोजपट्टी

कागदावर बरोबर. पण तसं करण्याआधी विचारा की प्रकल्पाचा तो चार गुणांचा पसारा कशाचा बनलाय. मुलांच्या कामातल्या फरकाचा, की तपासणाऱ्यांच्या हातातल्या फरकाचा? ताई, तुकडीनिहाय सरासरी सांगा. प्रकल्पाची आणि परीक्षेची.

शाईपेन

परीक्षा: ५५, ५६, ५७. पेपर एकच होता आणि प्रश्न वाटून घेऊन तपासला होता.

प्रकल्प: ९२, ९०, ८५.

८५ ची तुकडी माझी आहे. आणि परीक्षेत ५७ वाली पण माझीच.

तिरकस

अरेरे.

मोजपट्टी

हेच बघायचं होतं. तीन तुकड्यांच्या सरासरीतला फरकच तुमच्या प्रकल्पाच्या एकूण पसाऱ्याचा निम्म्याहून थोडा जास्त भाग आहे. (विचलन ४, म्हणजे वर्ग १६, त्यातले ८.७ तुकड्यातुकड्यांमधले.) परीक्षेत तुमची मुलं मागे नाहीत, म्हणजे ती प्रकल्पातच कच्ची असतील असं मानायला आधार नाही. तुम्ही कडक तपासता.

आता अर्धविरामांनी सांगितलं तसं सगळ्या १२० जणांचे गुण एकत्र घेऊन प्रकल्पाचा पसारा ताणला, तर मुलांच्या कामाबरोबर तुमचा कडक हातही तितकाच ताणला जाईल. एखादं मूल कुठल्या बाईंच्या वर्गात बसलं यावर त्याची श्रेणी ठरेल. तुकडीनिहाय ताणता येईल, पण मग उरलेला २.७ चा पसारा ताणताय, आणि त्यात वहीला कव्हर घातलं की नाही हे किती आणि समज किती, कोण सांगणार?

प्रकल्पाला खरंच महत्त्व द्यायचं असेल तर भारांशाशी खेळून ते होत नाही. तपासणीचे निकष बदलावे लागतात. तुमच्या निकषांत वेळेवर देणं, मांडणी, चित्रं अशा सगळ्यांनाच मिळणाऱ्या गोष्टींना किती गुण आहेत ते बघा एकदा.

शाईपेन

दहापैकी सात. आत्ता काढून बघितलं. उरलेल्या तीनमध्ये "निष्कर्ष" आणि "तोंडी प्रश्न".

खडूची_भुकटी

निवृत्त मुख्याध्यापिका आहे. आकड्यांतलं मला फारसं कळत नाही, पण ईमेलमधलं कळतं.

शाईपेन, तुमच्या मसुद्यात "खरा अभ्यास करणारं मूल मागे पडतं" असं वाक्य आहे. ते वाचणाऱ्या दोघांना असं ऐकू येईल की तुम्ही दोघं खोटे गुण वाटता. त्यांची सरासरी ९२ आणि ९० आहे हे त्यांना माहीत असणार. त्यात तुकडीनिहाय तक्ता जोडलात तर चर्चा भारांशावरून उठेल आणि कोण किती सैल तपासतं यावर जाऊन बसेल. तिथून ती परत येत नाही, मी पाहिलंय. तुकड्यांचे आकडे ईमेलमध्ये घालू नका. आधी दोघांना भेटा, तोंडी सांगा, आणि सुरुवात स्वतःच्या ८५ पासून करा: "माझा हात जड आहे बहुतेक, तिघं मिळून दहा प्रकल्प एकत्र तपासून बघू या का?"

आणि दुसरं. मागणी पहिल्या दोन ओळींत यायला हवी. तुमच्या ईमेलमध्ये ती पाचव्या वाक्यात आहे. तोवर ज्येष्ठ माणूस आकडे वाचून वैतागलेला असतो.

शाईपेन

बाई, हे दोन्ही मान्य. पहिलं जरा लागलं, पण मान्य.

निळी_वही

उशिरा आलो. माझा एक बारीकसा प्रश्न. चाचण्यांना गैरहजर असलेल्यांचं काय केलंत? चार चाचण्या म्हणजे कुणी ना कुणी आजारी असणारच. आणि तीन तुकड्यांच्या तीन फायली तीन जणांनी भरलेल्या, म्हणजे मला संशय आहेच.

शाईपेन

फायलींमध्ये गैरहजर असेल तिथे `AB` लिहिलंय. सरासरीचा स्तंभ प्रत्येकाने स्वतः केलेला होता, मी तोच उचलला. थांबा, बघते.

निळी_वही

तेच. सूत्र कोणतं आहे ते उघडून बघा.

```
=AVERAGE(C2:F2)
=SUM(C2:F2)/4
```

चारही आकडे असले की दोन्हींचं उत्तर एकच. एक `AB` आलं की पहिलं सूत्र ते सोडून तिघांची सरासरी काढतं, दुसरं मात्र त्याला शून्य धरल्यासारखं चाराने भागतं. दोन्हीकडे चुकीची खूण वगैरे काही येत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही. आमच्या विभागात असंच झालं होतं आणि एका पालकाने वही घेऊन येऊन हिशेब मांडला तेव्हा उघडकीला आलं.

शाईपेन

नेमकं तेच आहे. मधल्या तुकडीत `/4`, बाकी दोन्हीकडे AVERAGE. त्या तुकडीत नऊ मुलं एखाद्या तरी चाचणीला गैरहजर होती.

नवीन पद्धतीत अनुत्तीर्ण होणाऱ्या पाच जादा मुलांपैकी तीन त्या नवांतली आहेत. एकाचं उदाहरण देते. परीक्षा २५, प्रकल्प ८६, चाचण्या ४४, ४०, ३६ आणि एकीला गैरहजर. `/4` ने सरासरी ३०, खरी ४०. ३० धरून जुन्या भारांशाने त्याचे ४४.३ होत होते, उत्तीर्ण, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. नव्या भारांशाने ३९.२, नापास. आणि ४० धरून नव्याने ४३.२, पुन्हा उत्तीर्ण.

म्हणजे मी चाचण्यांचा भारांश दुप्पट केला तेव्हा ही चूकही दुप्पट झाली.

मोजपट्टी

@निळी_वही, हे मी विचारायला हवं होतं. शाबास.

ताई, सगळं दुरुस्त करून पुन्हा चालवा. माझा अंदाज, मोठे आकडे फार हलणार नाहीत.

शाईपेन

नाही हलले. चाचण्यांची सरासरी ६१ ची ६२ झाली, विचलन १५ चं १४, परीक्षेशी सहसंबंध ०.८ चा ०.८२. जुन्या भारांशाचे वाटे आता ७५, २१, ४. सगळा गोषवारा जवळपास तसाच. फक्त ती तीन मुलं पास झाली.

पालक_दोन

म्हणजे गेल्या वर्षी त्या नऊ मुलांना प्रत्यक्षात गुण कमी मिळाले? त्यांना कुणी सांगणार का?

शाईपेन

@पालक_दोन, हो, दोन-तीन गुणांचा फरक. चौघांची श्रेणी बदलली असती. त्याचं काय करायचं ते मला एकटीला ठरवता येणार नाही, पण त्या तुकडीच्या सरांना मी उद्याच सांगणार आहे, ईमेलच्या आधी.

अर्धविराम

पण AVERAGE तरी कुठे न्याय्य आहे? मला येत नाही म्हणून चौथ्या चाचणीला दांडी मारली, तर तिघांचीच सरासरी. अवघड प्रकरण टाळणाऱ्याला बक्षीस! चाचण्यांना ४० दिलेत तर दांड्या वाढतील. त्यापेक्षा चारांतल्या चांगल्या तीन धरा.

निळी_वही

चांगल्या तीन धरल्या तर एक चाचणी सगळ्यांनाच फुकट. तीन चांगल्या गेलेली मुलं चौथीला येतच नाहीत, आणि चौथीत असलेलं प्रकरण शिकतच नाहीत. आम्ही पुन्हा चाचणी घेतो, पण त्यात शिक्षकाचा जीव जातो.

अर्धविराम

एक दांडी माफ आणि दुसऱ्या दांडीला शून्य.

खडूची_भुकटी

आणि डॉक्टरचा कागद आणला की दुसरीही माफ, मग प्रत्येकाकडे कागद. हा प्रश्न माझ्या पंचवीस वर्षांत सुटला नाही. काय करायचं ते सत्राच्या आधी लिहून ठेवा, इतकंच माझं म्हणणं. नंतर ठरवलेला नियम नेहमी कुणाच्या तरी विरुद्ध केलेला दिसतो.

मोजपट्टी

ईमेलमध्ये एक मर्यादा नक्की लिहा. गेल्या वर्षीच्या मुलांना चाचण्या २० गुणांच्या आहेत हे माहीत होतं आणि त्यांनी तेवढाच जोर लावला. त्याच गुणांना नवे भारांश लावून आलेला निकाल म्हणजे पुढच्या वर्षीचं भाकीत नव्हे. ४० केल्यावर मुलं जास्त अभ्यास करतील, शिकवण्याही करतील आणि कॉपीही जास्त होईल. चाचणी काढणारे तुम्हीही कदाचित सोपी काढाल. हे डेटात दिसत नाही.

शाईपेन

नवा मसुदा. आधी दोघांशी बोलले, मग हा लिहिला.

> विषय: पुढच्या सत्रापासून चाचण्यांचा भारांश २० ऐवजी ४०?
>
> नमस्कार,
>
> पुढच्या सत्रापासून परीक्षा ४०, चाचण्या ४०, प्रकल्प २० असा भारांश ठेवावा का, यावर आपण तिघांनी सत्र सुरू होण्याआधी ठरवावं अशी विनंती.
>
> कारण एकच. गेल्या वर्षीच्या १२० मुलांच्या गुणांत जो काही फरक पडला त्यातला सुमारे तीन-चतुर्थांश एकट्या परीक्षेमुळे पडला. नव्या भारांशाने तो निम्म्याच्या जरा वर राहील. प्रकल्पाचा वाटा ३० असो वा २०, पाच टक्क्यांच्या आतच राहतो, कारण सगळ्यांना जवळपास सारखे गुण मिळतात. तो प्रश्न भारांशाने सुटणार नाही, निकषांवर वेगळं बसावं लागेल.
>
> याची किंमत: सरासरी सुमारे दोन गुणांनी खाली येते आणि सीमा तशाच ठेवल्या तर वीसेक मुलांची श्रेणी उतरते, दोन जास्त मुलं अनुत्तीर्ण होतात. हे गेल्या वर्षीच्या गुणांवरून आहे. भारांश बदलल्यावर मुलं वेगळी वागतील.
>
> भारांश बदलण्याआधी गैरहजेरीचा एकच नियम आणि तिन्ही फायलींत एकच सूत्र हवं. नावं काढलेली फाइल जोडली आहे, आकडे पडताळून पाहावेत.

खडूची_भुकटी

पाठवा.

तिरकस

"याची किंमत" हा परिच्छेद स्वतःहून लिहिलात हे आवडलं. एरवी तो समोरचा लिहितो.

शाईपेन

पाठवला. मधल्या तुकडीच्या सरांचं उत्तर तासाभरात आलं. सूत्राबद्दल एका ओळीत आभार, आणि खाली फक्त हे: "सत्र परीक्षेचा पेपर तिघांना एकच असतो. चार चाचण्यांपैकी दोन आपण आपापल्या काढतो. त्या ४० पैकी २० गुण तीन वेगळ्या पेपरांवर देणार का?"

खरंय. मी चारही चाचण्या एकाच मापाच्या धरून चालले होते. आता सामायिक दोन आणि आपापल्या दोन असे वेगळे स्तंभ करते आणि तुकडीनिहाय सरासरी बघते.

मोजपट्टी

आपापल्या दोन चाचण्यांची तुकडीनिहाय सरासरी प्रकल्पासारखीच पांगलेली निघाली, तर ४० च्या मागणीला माझाही विरोध. आकडे आले की इथेच टाका.

शाईपेन

रविवारी टाकते. त्या दोन चाचण्यांचे माझ्या तुकडीचे गुण वहीत आहेत, फाइलमध्ये नाहीत.